सिंह आणि उंदीर

दुपारचे चार वाजले होते. बालवाडीच्या ओसरीवर सतरंजी अंथरलेली होती आणि तिच्यावर चार-पाच वर्षांची दहा मुले बसली होती. त्यांचे जेवण होऊन तीन तास लोटले होते. भरल्या पोटी आसने करावयाची नसतात, म्हणून बाईंनी ही वेळ मुद्दाम निवडली होती.

बाई गोष्ट सांगू लागल्या, "एका अरण्यात एक सिंह झोपेतून जागा झाला. त्याने आळस दिला."

मुलांनी तळहात आणि गुडघे जमिनीवर टेकले. 'आऽऽ' असा लांब स्वर काढीत त्यांनी पाठ कमानीसारखी वर उचलली. मग श्वास घेत ती हळूहळू खाली आणली. हेच मार्जारासन. 'श्वास सोडा' एवढे सांगून लहान मुलांना नीट उमजत नाही. परंतु स्वर काढताना श्वास आपोआप बाहेर पडतो. तो कोंडून ठेवताच येत नाही. म्हणून बाईंच्या गोष्टीतील प्रत्येक प्राण्याला आवाज असे.

एका मुलाला मात्र सर्वांहून उंच कमान करावयाची होती. त्याचे खांदे कानांपर्यंत चढले, चेहरा लाल झाला आणि त्याचा स्वर थांबला. बाईंनी ते तत्काळ ओळखले. स्वर थांबला, म्हणजे मुलाने श्वास रोखला होता. त्या रागावल्या नाहीत. "सिंहाला पुन्हा झोप आली," असे म्हणून त्यांनी गोष्टच वळविली. सारी मुले आडवी झाली. त्या मुलाचा श्वास संथ झाल्यावरच सिंह पुन्हा जागा झाला.

आता त्याच्या पंजात उंदीर सापडला. मुले टाचांवर बसून पुढे वाकली आणि त्यांनी कपाळ जमिनीला टेकविले. हे बालासन. 'चूं चूं' करीत उंदराने जीवदान मागितले. सिंह हसला आणि त्याने उंदराला सोडून दिले.

पुढे सिंहच पारध्याच्या जाळ्यात अडकला. मुले टाचांवर ताठ बसली. गुडघ्यांवर बोटे फाकवून आणि जीभ बाहेर काढून त्यांनी गर्जना केली. घेरंडसंहितेत वर्णिलेल्या 32 आसनांपैकी सिंहासन हे एक आहे. गर्जना घसा खरवडून करावयाची नसते; तोंड मोठे उघडून श्वास बाहेर सोडावयाचा असतो. तीन गर्जना झाल्यावर बाई थांबल्या.

"आता जाळे कोण कुरतडणार?" त्यांनी विचारले.

उंच कमान करणारा तो मुलगाच पुढे आला. तो उंदीर होऊन सर्वांहून लहान झाला. ह्या वेळी त्याचे 'चूं चूं' साऱ्या ओसरीला ऐकू येत होते. जाळे तुटले. मोकळा झालेला सिंह गवतावर उताणा पडला आणि मुलेही डोळे मिटून शवासनात निजली.

गोष्टीचे तात्पर्य बाईंनी सांगितले नाही. त्या केवळ दहा लहानग्यांच्या श्वासांकडे लक्ष देऊन बसल्या होत्या.